पाच दिवसांचा फ्लू आणि सहाव्या दिवसाचं सर्टिफिकेट

आजारपणाच्या रजेचा अर्ज आपल्याकडे बहुतेक वेळा आजारपण संपल्यावर लिहिला जातो. ताप उतरतो, माणूस कामावर येतो, आणि दुपारपर्यंत आस्थापना शाखेतून निरोप येतो की रजेचा अर्ज द्या, सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा. ज्या पाच दिवसांबद्दल डॉक्टरांनी लिहून द्यायचं, ते दिवस पुष्कळदा डॉक्टरांनी पाहिलेलेच नसतात. तरी कागद मिळतो, अर्जाला टाचला जातो, रजा मंजूर होते आणि सेवापुस्तकात नोंदही होते.

अनेक वर्षं आस्थापनेचं टेबल सांभाळताना असे अर्ज माझ्या हातून गेले आहेत, आणि त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे. फ्लूसारख्या आजारात पहिल्या तीन दिवसांसाठी कार्यालयाने सर्टिफिकेट मागू नये. कर्मचाऱ्याने स्वतःच्या सहीने लिहून दिलेलं पुरे मानावं, आणि ते दिवस आजारपणाच्याच रजेत धरावेत. आजार त्यापुढे लांबला तर सर्टिफिकेट जरूर मागावं, पण ते ज्या दिवशी तपासलं त्या दिवसाचं असावं. हे मी कर्मचाऱ्यांची सोय म्हणून म्हणत नाही. आजची पद्धत माणसांना खोटं लिहायला लावते आणि आजारी माणसाला नेमक्या नको त्या दिवशी घराबाहेर काढते, म्हणून म्हणतो.

एक उदाहरण घेऊ. साताऱ्यातल्या एखाद्या शासकीय कार्यालयातली एक वरिष्ठ लिपिक धरा. रविवारी, ९ ऑगस्टला संध्याकाळी तिला थंडी वाजून येते, रात्री ताप १०२ वर जातो, अंग ठणकतं, घसा धरतो, कोरडा खोकला सुरू होतो. सोमवारी सकाळी ती साहेबांना मेसेज करते की ताप आहे, येऊ शकत नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार ती घरी पडून असते. तापासाठी पॅरासिटामॉल, पेज, गरम पाणी, झोप. गुरुवारी सकाळीही ताप १०० च्या वर दिसतो तेव्हा ती गल्लीतल्या डॉक्टरांकडे जाते. ते छाती तपासतात, ऑगस्ट महिना असल्यामुळे डेंग्यूची शंका नको म्हणून रक्त तपासायला सांगतात, प्लेटलेट ठीक निघतात, आणि शुक्रवारपर्यंत विश्रांती घ्यायला सांगतात. शनिवारी ताप नसतो. सोमवारी, १७ तारखेला ती कामावर हजर होते. खोकला अजून आहे, थकवा आहे, पण काम करता येतं.

यात तिने काहीही वावगं केलेलं नाही. किंबहुना वैद्यकीय दृष्टीने तिने जे केलं ते बरोबर केलं. २००९ साली स्वाइन फ्लूची साथ आली, देशातला त्यामुळे झालेला पहिला मृत्यू पुण्यात नोंदवला गेला, आणि त्यानंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फ्लूच्या रुग्णांची अ, ब, क अशी वर्गवारी ठरवून दिली. ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी एवढंच असलेला आणि एरवी धडधाकट माणूस ‘अ’ वर्गात येतो. त्याला ऑसेल्टामिवीर या फ्लूवरच्या औषधाची गरज नाही, घशाच्या नमुन्याची तपासणी करायची गरज नाही. त्याने घरी थांबावं, लोकांत मिसळू नये, आणि ज्यांना फ्लू जड जाऊ शकतो अशांपासून लांब राहावं. गरोदर बाई, पासष्टीपुढची माणसं, लहान मुलं, मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा किडनीचा आजार असलेले लोक ‘ब’ वर्गात येतात. त्यांनी मात्र वाट न बघता डॉक्टर गाठायचा, कारण त्यांना औषध द्यायचं तर ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. धाप लागणं, छातीत दुखणं, गुंगी येणं, रक्तदाब उतरणं असं काही दिसलं तर तो ‘क’ वर्ग, म्हणजे थेट रुग्णालय.

आता कार्यालय या बाईंना काय सांगतं ते बघा. पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन सर्टिफिकेट आणा, नाहीतर रजा धरता येणार नाही. फ्लूचा माणूस लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच दुसऱ्याला आजार देऊ शकतो, आणि पहिल्या तीन-चार दिवसांत त्याच्याकडून लागण होण्याचा धोका सगळ्यांत जास्त असतो. नेमक्या त्याच दिवसांत तिने दवाखान्याच्या बाकावर तासभर बसायचं. शेजारी कोण बसलेलं असतं? साखर तपासून आलेले आजोबा, सातव्या महिन्यातली बाई, दम्याचा मुलगा. ज्यांच्यापासून तिने लांब राहावं असं आरोग्य मंत्रालय सांगतं, त्यांच्याच मध्ये एका कागदासाठी तिला नेऊन बसवायचं. औषधासाठी जायचं असेल तर जायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण ज्याला औषधाची गरज नाही त्याने केवळ रजा मंजूर व्हावी म्हणून जाणं, यात रुग्णाचा फायदा नाही आणि त्या बाकावरच्या कुणाचाच नाही.

बरं, पहिल्या दिवशी गेलं तरी डॉक्टरांना काय कळतं? ताप आहे, घसा लाल आहे. ‘व्हायरल फीव्हर’ असं ते लिहितात. तो फ्लू आहे, डेंग्यूची सुरुवात आहे की साधा सर्दीताप आहे, हे पहिल्या दिवशी खात्रीने सांगता येत नाही. किती दिवस लागतील हाही अंदाजच असतो. उलट गुरुवारच्या तपासणीत डॉक्टरांना बरंच काही हाती लागतं. तीन दिवसांहून जास्त राहिलेला ताप हा कुठल्याही डॉक्टरला गांभीर्याने बघावासा वाटतो. डेंग्यू असेल तर त्याची धोक्याची लक्षणं साधारण याच सुमारास, ताप उतरायला लागतो तेव्हा दिसू लागतात. फ्लूचा न्यूमोनिया होत असेल तर छातीत ते ऐकू येऊ लागलेलं असतं. म्हणून मी तीन दिवसांची रेघ सुचवतो. तिथवर घरी थांबणं शहाणपणाचं आहे आणि त्यापुढे डॉक्टरला दाखवणं शहाणपणाचं आहे. कार्यालयाचा नियम या वैद्यकीय शहाणपणाला जोडून चालला तर सर्टिफिकेट आपोआप खऱ्या तारखेचं मिळेल.

आज ते तसं मिळत नाही. गुरुवारी तपासणाऱ्या डॉक्टरांना ती बाई सोमवारी फोन करते की कार्यालयात १० तारखेपासूनचं सर्टिफिकेट मागतायत. डॉक्टर ओळखीचे असतात, बाई खरोखर आजारी होती हे त्यांना पटलेलं असतं, ते १० ते १४ असं लिहून देतात. शंभर-दोनशे रुपये घेतात किंवा घेत नाहीत. प्रश्न पैशांचा नाही. डॉक्टरांनी न पाहिलेल्या तीन दिवसांबद्दल पाहिल्यासारखं लिहून दिलं, हा आहे.

डॉक्टरांवर याबाबत किती जबाबदारी आहे हे फारसं कुणाला माहीत नसतं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या व्यावसायिक आचारसंहितेत रजेच्या सर्टिफिकेटचा नमुनाच दिलेला आहे. त्यात वर रुग्णाने डॉक्टरसमोर सही किंवा अंगठा करायचा असतो. रुग्णाच्या अंगावरची ओळखखूण लिहायची असते. मग डॉक्टर लिहितात की मी काळजीपूर्वक तपासून प्रमाणित करतो, वर सही केलेल्या व्यक्तीला अमुक आजार आहे आणि प्रकृती सुधारण्यासाठी अमुक तारखेपासून इतके दिवस कामावर न जाणं अत्यावश्यक आहे. डॉक्टरने अशा सर्टिफिकेटांचं वेगळं रजिस्टर ठेवायचं आणि प्रत्येकाची प्रत जपायची, हेही त्याच संहितेत आहे. खोटं किंवा दिशाभूल करणारं सर्टिफिकेट देणं हे गैरवर्तन आहे आणि त्यासाठी नोंदणी जाऊ शकते.

आमच्याकडे येणाऱ्या सर्टिफिकेटांवर हे सगळं असतं का? माझ्या टेबलावर आलेल्या बहुतेक कागदांवर लेटरहेड, रबरी शिक्का, आजाराचं नाव आणि ‘ॲडव्हाइज्ड रेस्ट’ एवढंच असायचं. रुग्णाची सही क्वचित. ओळखखूण त्याहून क्वचित. आणि तपासणीची तारीख कुठली आणि सर्टिफिकेट दिल्याची तारीख कुठली, हे तर जवळजवळ कधीच वेगळं लिहिलेलं नसायचं. एकदा दोन वेगवेगळ्या शाखांतल्या दोघांची सर्टिफिकेटं एकाच आठवड्यात आली. डॉक्टर एक, आजार एक, शब्द जसेच्या तसे. दोघंही खरोखर आजारी असू शकले असते, फ्लू शाखा बघून येत नाही. पण त्या कागदांवरून मला ते ठरवता येत नव्हतं, आणि ज्या कागदावरून काहीच ठरत नाही तो मागून उपयोग काय, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हापासून आहे.

प्रामाणिक डॉक्टरला यातून एक वाट आहे आणि काही डॉक्टर ती धरतात. ते लिहितात, ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार ९ तारखेपासून ताप. आज १३ तारखेला तपासलं. १४ पर्यंत विश्रांती आवश्यक.’ यात एकही शब्द खोटा नाही. रुग्णाने काय सांगितलं आणि डॉक्टरने काय पाहिलं हे वेगवेगळं दिसतं. मला विचाराल तर फ्लूच्या सर्टिफिकेटमध्ये याहून जास्त काही असूच शकत नाही. पण असं सर्टिफिकेट आणलं की आमच्यासारखे आस्थापनेचे लोक ते परत करतात. ‘१० ते १२ चं कव्हर होत नाही, १० पासूनचं करून आणा.’ म्हणजे खरा कागद नाकारून खोटा कागद आम्ही मागून घेतो.

आस्थापनेचे लोक असं का करतात? दुष्टपणाने नाही. रजेच्या हिशोबामुळे करतात, आणि माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे.

शासकीय कर्मचाऱ्याच्या खात्यावर मुख्यतः तीन प्रकारच्या रजा असतात. वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा. वर्षाला तीस दिवस अर्जित रजा. आणि वर्षाला वीस दिवस अर्धपगारी रजा. आजारपणासाठी अर्धपगारी रजा पूर्ण पगारी करून घेता येते, तिला परिवर्तित रजा म्हणतात. मात्र तेव्हा खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. आपल्या लिपिक बाईंना पाच दिवस परिवर्तित रजा दिली तर पगार पूर्ण मिळेल आणि अर्धपगारी खात्यातून दहा दिवस जातील. या रजेला वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं.

आता तिच्यासमोर काय पर्याय आहेत ते मांडू. तीन दिवस किरकोळ आणि दोन दिवस सर्टिफिकेटवर परिवर्तित, असं करता आलं असतं तर सगळं खऱ्या तारखांनी बसलं असतं. पण किरकोळ रजा दुसऱ्या कुठल्याही रजेला जोडता येत नाही. मग पाचही दिवस किरकोळ टाकायची? वर्षाच्या आठपैकी पाच गेल्या, आणि दिवाळी, मुलाचं ॲडमिशन, सासऱ्यांचं ऑपरेशन हे सगळं अजून पुढे आहे. पाचही दिवस अर्जित टाकायची? त्याला सर्टिफिकेट लागणार नाही, पण अर्जित रजा निवृत्तीच्या वेळी तीनशे दिवसांपर्यंत रोखीत मिळते. तापाच्या पाच दिवसांवर ती कुणी हौसेने खर्च करत नाही. राहिली पाचही दिवस परिवर्तित, आणि तिच्यासाठी १० तारखेपासूनचं सर्टिफिकेट. म्हणून ती सोमवारी डॉक्टरांना फोन करते. तिला फसवायचं नाही, आजारपणाचे दिवस आजारपणाच्याच खात्यात टाकायचे आहेत. आणि ते टाकण्याचा एकमेव रस्ता मागच्या तारखेच्या सर्टिफिकेटमधून जातो.

केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा नियमांत या अडचणीची थोडी जाणीव दिसते. तीन दिवसांपर्यंतच्या रजेसाठी वैद्यकीय प्रमाणपत्राची अट माफ करण्याचा अधिकार मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. मात्र तशी माफी दिली तर ते दिवस वैद्यकीय कारणाची रजा म्हणून धरायचे नाहीत, दुसऱ्या रजेतून वजा करायचे, असंही तिथेच म्हटलं आहे. म्हणजे विश्वास ठेवला, पण त्याची किंमत कर्मचाऱ्याच्या दुसऱ्या खात्यातून वसूल केली. मला हवी असलेली सुधारणा छोटी आहे. पहिले तीन दिवस स्वतःच्या निवेदनावर, पुढचे दिवस सर्टिफिकेटवर, आणि दोन्ही मिळून एकच सलग परिवर्तित रजा. खात्यातून दहा दिवस जायचे ते जातीलच. शासनाचा एक दिवसही वाढत नाही.

खासगी नोकरीत तर आजारपणाची वेगळी रजा कायद्याने असतेच असं नाही. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा देतो. ती दर तिमाहीला थोडी थोडी खात्यात पडते आणि वर्षाअखेर शिल्लक राहिली तर बुडते. शिवाय वर्षात २४० दिवस काम भरलं असेल तर दर वीस दिवसांना एक दिवस रजा साठते. ‘सिक लीव्ह’ म्हणून जे काही मिळतं ते कंपनीच्या धोरणावर. चांगल्या कंपन्या सहा, सात, दहा दिवस देतात आणि दोन दिवसांपर्यंत काही विचारत नाहीत. बाकी ठिकाणी पहिल्या दिवसापासून सर्टिफिकेट, किंवा बिनपगारी.

ज्यांचा पगार महिना २१ हजारांपर्यंत आहे आणि जे कर्मचारी राज्य विमा योजनेत येतात, त्यांचं गणित आणखी कडक आहे. तिथे आजारपणाचा लाभ सरासरी वेतनाच्या सत्तर टक्के मिळतो, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, पण पहिले दोन दिवस वगळून. दिवसाला पाचशे रुपये पडणाऱ्या कामगाराला पाच दिवस फ्लू झाला तर पाच दिवसांचे अडीच हजार बुडाले, हाती आले तीन दिवसांचे साडेतीनशेप्रमाणे एक हजार पन्नास. आणि तेही योजनेच्या दवाखान्यात जाऊन तिथल्या डॉक्टरचं प्रमाणपत्र घेतलं तर. असा माणूस पहिल्या दोन दिवसांत घरी थांबत नाही. तो पॅरासिटामॉल घेऊन कामावर येतो, चार तास बरा असतो, मग परत गोळी घेतो. त्याच दोन दिवसांत तो शेजारच्या मशीनवरच्या माणसाला आजार देतो. पहिले दोन दिवस वगळण्यामागे किरकोळ दावे टाळण्याचा हेतू असेल, पण फ्लूच्या बाबतीत ते दोन दिवस अजिबात किरकोळ नाहीत.

आता यावरचा मोठा आक्षेप. सर्टिफिकेट काढलं तर लोक वाटेल तशा दांड्या मारतील. हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण दांड्या मारणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांचं काम बाकीच्यांच्या अंगावर पडतं तेव्हा होणारी चिडचिडही पाहिली आहे. पण मी हेही पाहिलं आहे की दांडीबहाद्दराकडे सर्टिफिकेट कायम तयार असतं. अडतो तो साधा माणूस, ज्याचा कुणी ओळखीचा डॉक्टर नाही, जो खरोखर झोपून होता आणि ज्याला कागद मिळवायचं सुचलं नाही. दांडी पकडायची जागा हजेरीपट आहे. वर्षभराचा हजेरीपट समोर ठेवला की सुट्टीला जोडून येणारे ताप, दर मार्चअखेरीला उठणारी पाठदुखी, लग्नसराईतले जुलाब सगळं दिसतं. ज्याचं असं दिसतं त्याला बोलावून विचारावं. शासकीय नियमांत दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याची सोय आहेच, ती अशा माणसासाठी वापरावी. एका माणसाच्या संशयासाठी शंभर जणांकडून कागद गोळा करण्याची गरज नाही.

ब्रिटनमध्ये आजारपणाच्या पहिल्या सात दिवसांसाठी डॉक्टरचा दाखला मागितला जात नाही. कर्मचारी स्वतः लिहून देतो, त्यापुढे दाखला लागतो. मी सात म्हणत नाही, तीनच म्हणतो, कारण आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टो आहेत आणि चौथ्या दिवशी ताप असलेल्या माणसाने डॉक्टरला न दाखवता राहू नये असं मला वाटतं.

आजाराच्या नावाचाही प्रश्न आहे. फ्लू लिहायला कुणाला संकोच वाटत नाही. पण फ्लूसाठी लागलेली सवय सगळ्या आजारांना लागू होते. गर्भपात झालेल्या बाईचं, नैराश्यावर औषध घेणाऱ्या मुलाचं, क्षयाच्या रुग्णाचं सर्टिफिकेटही त्याच ट्रेमधून साहेबांच्या टेबलावर जातं, वाटेत चार हात लागतात आणि दुपारी डबा खाताना त्याची चर्चा होते. कार्यालयाला कळायला हवं ते इतकंच, की माणूस किती दिवस काम करू शकणार नाही आणि त्याच्यामुळे इतरांना काही धोका आहे का. रोगाचं नाव डॉक्टरच्या रजिस्टरात राहू द्यावं. २००२ चा नमुना आजाराचं नाव मागतो, तो तेवढ्यापुरता बदलावा असं माझं मत आहे. तोवर निदान कार्यालयांनी सर्टिफिकेट बंद पाकिटात घ्यावं आणि रजेच्या आदेशात ‘वैद्यकीय कारणास्तव’ एवढंच लिहावं.

आणि एमबीबीएसचंच आणा हा आग्रहही सोडायला हवा. तालुक्याच्या गावांत, वाड्यावस्त्यांवर ताप बघणारा डॉक्टर बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. त्याचीही त्याच्या परिषदेकडे नोंदणी असते, नोंदणी क्रमांक असतो. तो क्रमांक सर्टिफिकेटवर आहे का हे बघावं, आणि शंका आली तर त्या परिषदेकडे विचारावं. ताप अंगात असताना माणसाला चाळीस किलोमीटरवर पाठवण्यापेक्षा ते सोपं आहे.

अर्जाकडे येतो, कारण शेवटी सगळं त्या एका पानावर येऊन थांबतं. वर्षानुवर्षं एकच मजकूर चालत आला आहे. ‘वरील विषयास अनुसरून विनंती करतो की, माझी प्रकृती अचानक बिघडल्याने मी दि. अमुक ते तमुक कार्यालयात हजर राहू शकलो नाही, तरी सदर रजा मंजूर करावी ही नम्र विनंती.’ यात कळवलं कधी, तपासलं कधी, कुणी काय सांगितलं, काम कुणाकडे आहे, यातलं काहीच नाही. म्हणून सगळा भार सोबतच्या सर्टिफिकेटवर जातो. अर्जातच नीट लिहिलं तर सर्टिफिकेटला खोटं बोलावं लागणार नाही. साताऱ्याच्या त्या बाईंनी गुरुवारी, १३ तारखेला दवाखान्यातून आल्यावर अर्ज करावा, सोमवारची वाट बघू नये. तो असा असावा:

‘विषय: दि. १० ते १४ ऑगस्ट, पाच दिवसांची आजारपणाची रजा मिळणेबाबत.

महोदय,

रविवार, दि. ९ रोजी सायंकाळपासून मला थंडी, ताप, अंगदुखी व खोकला सुरू झाला. सोमवारी सकाळी ८ वाजता मी आपणास संदेशाद्वारे कळवले होते. दि. १० ते १२ हे तीन दिवस मी घरीच होते. या दिवसांत डॉक्टरांकडे गेले नव्हते. ताप न उतरल्याने आज, दि. १३ रोजी तपासणी करून घेतली. डॉक्टरांनी दि. १४ पर्यंत विश्रांती सांगितली आहे. आजच्या तारखेचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. पाचही दिवसांची रजा परिवर्तित रजा म्हणून मंजूर करावी, ही विनंती. माझ्याकडील वेतन देयकाचे काम निम्म्यावर आहे, त्याची संचिका कपाटातील दुसऱ्या कप्प्यात आहे. तब्येत लांबल्यास शुक्रवारी सायंकाळपर्यंत कळवेन. अन्यथा सोमवार, दि. १७ रोजी कामावर हजर होईन.’

या अर्जातलं प्रत्येक वाक्य तपासता येतं. मेसेज साहेबांच्या फोनवर आहे. तपासणीची तारीख डॉक्टरच्या रजिस्टरात आहे. संचिका कपाटात आहे. जे तीन दिवस डॉक्टरांनी पाहिले नाहीत ते तसे उघड लिहिले आहेत, आणि त्यांची जबाबदारी सही करणाऱ्या बाईने स्वतः घेतली आहे. उद्या ते खोटं ठरलं तर कारवाई करायला तिचीच सही हातात आहे, डॉक्टरच्या शिक्क्याआड लपायला जागा नाही. अशा अर्जावर आजच्या नियमांत आस्थापनेचा माणूस शेरा मारेल, ‘दि. १० ते १२ चे प्रमाणपत्र नाही, पूर्तता करावी.’ हा शेरा नियमातून गेला की मागच्या तारखेची निम्मी सर्टिफिकेटं बंद होतील, याबद्दल मला शंका नाही.

सोमवारी हजर होताना आणखी एक कागद मागितला जातो, तो म्हणजे कामावर येण्यास योग्य असल्याचं फिटनेस सर्टिफिकेट. वैद्यकीय रजेवरून येणाऱ्याने ते द्यावं असा नियमच आहे. हृदयविकार, अपस्मार, मोठं ऑपरेशन अशा आजारांनंतर ते हवंच, ड्रायव्हर किंवा मशीन चालवणाऱ्यासाठी तर नक्कीच. फ्लूनंतर त्या कागदासाठी परत दवाखान्यात जाऊन बसण्याला मात्र अर्थ नाही. फ्लूचा खोकला आणि थकवा दोन-दोन आठवडे राहू शकतो, त्यामुळे डॉक्टरलाही ‘पूर्ण बरा’ असं मनापासून लिहिता येत नाही. तापाची गोळी न घेता सलग चोवीस तास ताप आलेला नाही, एवढी कसोटी साध्या फ्लूनंतर कामावर परतायला पुरते. ती घरच्या थर्मामीटरवर कळते. हजर झाल्याच्या अहवालात तेवढं एक वाक्य कर्मचाऱ्याने स्वतः लिहावं, आणि खोकला असेपर्यंत आठवडाभर मास्क लावून बसावं.